भाची जर्मनीला चालली, मामांचा आहेर वीस हजारांत: वस्तू द्यावी की पाकीट?

अमळनेरचा_मामा
भाचीचं लग्न पारोळ्याला आहे. जावई म्युनिकजवळ नोकरीला, व्हिसा आला की दोनेक महिन्यांत तीही जाईल. आम्ही तिघं मामा मिळून वीस हजार घालणार, वर एक रुपया नाही. यंदा कापसाने काय केलं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. मिक्सर आणि कुकर डोक्यात आहे. तिकडे चालेल का?

स्पष्टवक्ता_जळगाव
यात विचारायचं काय? जर्मनीत सगळं मिळतं. परदेशी चाललेल्या पोरीला भांडी देणं म्हणजे अडगळ देणं. वीस हजार पाकिटात घाला, स्टेजवर हातात द्या, विषय संपला.

तापीकाठची
सगळं मिळतं असं तिकडे संसार न मांडलेली माणसंच सांगतात. नवऱ्याच्या नोकरीपायी मी स्टुटगार्टला राहिले, आता भुसावळला परत आले. असलं उत्तर वाचून लोक भलतंच करून बसतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मिक्सर म्हणून तिथल्या साध्या दुकानात जे मिळतं त्यात फळांचा रस होतो, सूप होतं. त्यात भाजलेला कांदा, खोबरं, धणे, लवंगा घालून आपलं काळं वाटण करायला जा. खाली पातं मोकळं फिरतं आणि वरचा ऐवज तसाच बसून राहतो. मग पाणी घालायचं, परत फिरवायचं, परत पाणी. शेवटी ते वाटण राहत नाही, त्याचं पन्हं होतं. जाड पात्याचा, स्टीलच्या भांड्यांचा आपला मिक्सर भारतीय दुकानात मिळतो, पण मी होते तेव्हाही शंभर युरोच्या पुढेच होता, आणि असं दुकान प्रत्येक गावात नसतं. तोच मिक्सर आपल्याकडे पाच-साडेपाच हजारांत येतो. म्हणजे मामांच्या डोक्यात जे आलं ते बरोबरच आहे.

जर्मनीची वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. इथला मिक्सर तिथे त्याच जोमाने चालतो. फक्त पिन बसत नाही. आपली तीन गोल पायांची पिन त्यांच्या खोलगट गोल सॉकेटमध्ये जातच नाही, ॲडॉप्टर लागतो. तो अर्थिंग असलेलाच घ्या. प्रवासी बॅगांच्या दुकानात ‘सगळ्या देशांना चालणारा’ म्हणून जो पांढरा ठोकळा मिळतो तो फोन चार्ज करायला ठीक आहे. त्यात बहुतेक वेळा अर्थिंगचा पाय नुसता पोकळीत जातो, तारेला जोडलेला नसतो. ओल्या हाताने मिक्सरचं भांडं धरणाऱ्या बाईला असला ठोकळा देऊ नका.

कुकर मात्र जावयाला विचारल्याशिवाय घेऊ नका. तिकडे बहुतेक घरांत गॅस नसतो, काचेची सपाट शेगडी असते, आणि ती दोन जातींची असते. एकीत काचेखाली तार लाल होते, तिच्यावर सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं, ॲल्युमिनियमचंसुद्धा. दुसरी इंडक्शन. तिच्यावर लोहचुंबक चिकटेल असंच बूड लागतं, साधा ॲल्युमिनियमचा कुकर ठेवला तर शेगडी नुसती लुकलुकते, तापत नाही. काच बंद असताना दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात, म्हणून जावयाकडून चालू शेगडीचा फोटो मागवा. आणि शेगडीचा पत्ता लागत नसेल तर डोळे मिटून इंडक्शन बुडाचा स्टीलचा कुकर घ्या, तो दोन्हीवर चालतो.

दुकानदार ‘इंडक्शनवालाच आहे’ म्हणेल. खिशात फ्रिजवरचं चुंबक घेऊन जा आणि बुडाला लावा. मधोमध चिकटतं आणि कडेला घसरतं असं झालं तर तो कुकर परत ठेवा, त्याला बारकी चकती लावलेली असते आणि डाळ मध्येच करपते. बूड उलटं करून त्यावर स्टीलची पट्टी उभी धरा, खाली उजेड दिसला नाही पाहिजे. फुगीर बूड काचेवर गरगर फिरतं आणि शिट्टी यायला दुप्पट वेळ घेतं.

दोघांना तीन लिटर पुरतो. पाच लिटरचा पाहुणे आले की बरा वाटतो, पण तो रोज घासायचा आणि विमानातून न्यायचा तिलाच आहे.

एक गोष्ट कोणी देत नाही आणि तिकडे तिच्यावाचूनच अडतं. त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या तीन-चार रबरी रिंगा, एक जादा शिट्टी आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. रिंग वर्ष-दीड वर्षात ढिली पडते, कडेने वाफ जाते आणि कुकर नुसतं झाकणाचं पातेलं होऊन बसतो. तिकडे ती रिंग सहजासहजी मिळत नाही, आणि कंपनीची वॉरंटी सहसा भारतापुरतीच असते. या सगळ्याला इथे चार-पाचशे रुपये लागतात.

आता वजन. तिच्या तिकिटावर 23 किलोच्या किती बॅगा आहेत ते विचारा, एक की दोन. तिकिटागणिक फरक असतो. मिक्सर खोक्यासकट पाच-सहा किलो होतो. खोकं इथेच टाकायचं, मोटर साड्यांत गुंडाळायची, भांड्यांत आणि कुकरच्या पोटात मसाल्याच्या पुड्या भरायच्या. असं केलं की दोन्ही मिळून सात किलोच्या आत बसतं आणि जागा वाया जात नाही. कुकर हातातल्या बॅगेत ठेवू नये, स्कॅनरवर अडवतात आणि सगळी बॅग उपसायला लावतात.

हिशेब असा: मिक्सर साडेपाच हजार, कुकर तीन हजार, रिंगा आणि ॲडॉप्टर मिळून हजाराच्या आत. साडेनऊ झाले. उरलेले साडेदहा हजार तिच्या बँक खात्यात टाका, लग्नाच्या आधी किंवा नंतर. स्टेजवर पाकिटात देऊ नका. ते पाकीट तिच्यापर्यंत पोचतं की नाही हे ज्याचं त्याला माहीत.

वायरमन_धुळे
ताई, परदेशात 110 व्होल्ट असतं. आपला मिक्सर तिथे लावला की कॉन्व्हर्टर लागतो, नाहीतर मोटर जळते. माझ्याकडे दुबईहून आणि अमेरिकेहून आलेल्या किती वस्तू दुरुस्तीला येतात. लोकांना चुकीचं सांगू नका.

तापीकाठची
दादा, 110 च्या आसपासची वीज अमेरिका, कॅनडात. जर्मनी, इंग्लंड आणि तुम्ही म्हणता ते दुबई, सगळीकडे 220 ते 240. आणि कमी व्होल्टवर मोटर लगेच जळत नाही. अर्ध्या व्होल्टला ताकद जवळजवळ चौथाईवर येते, पातं कण्हतं आणि अडकतं. उलटं झालं, म्हणजे तिकडची 110 ची वस्तू आपल्या सॉकेटला लावली, की जळते. तुमच्याकडे येतात त्या अशाच असणार.

वायरमन_धुळे
येतात त्या तशाच, मान्य. पण अर्थिंगचं तुम्ही लिहिलं ते मी वर लिहिणारच होतो. आणि एक जोडा: ॲडॉप्टरवर 10 किंवा 16 अँपिअर लिहिलेलं बघून घ्या. अडीच अँपिअरचा घेऊन 750 वॅट चालवणारे मी पाहिलेत. प्लास्टिक मऊ पडून पिन आत रुतते.

पारोळा_ते_न्यूजर्सी
मामा, मिक्सर अजिबात देऊ नका. माझ्या काकांनी मला मोठ्या हौसेने दिला होता. इथे आल्यावर नुसता घुर्र करायचा. मग ट्रान्सफॉर्मर आणला, तो मिक्सरपेक्षा जड आणि ओट्यावर अर्धी जागा खाऊन बसला. शेवटी दोन्ही तळघरात पडलेत. काकांना फोनवर ‘छान चालतो’ असंच सांगावं लागतं. इथल्या व्होल्टेजचे मिक्सर भारतीय दुकानात मिळतात, पैसे द्या म्हणजे पोरगी स्वतः घेईल.

अमळनेरचा_मामा
दादा, भाची जर्मनीला चालली आहे.

पारोळा_ते_न्यूजर्सी
ते वाचलं. तरी परदेश तो परदेश. देणाऱ्याला घेणाऱ्याची अडचण कळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

रावेरचे_आप्पा
मी सगळं वाचलं. चुंबक झालं, व्होल्ट झालं. पण मामाचा आहेर म्हणजे काय हे कोणी बोलेना. मामाना आहेर मांडवमा दिसाले जोयजे! चार लोकांसमोर परात, हंडा, पाच भांडी मांडली की बहिणीची मान वर होते. खात्यात टाकलेले साडेदहा हजार कोणाला दिसणार? व्याह्यांकडची माणसं विचारतील, मामांनी काय आणलं? आणि सोबत दोन किलो गावरान तूप द्या. पोरीला तिकडे असं तूप कुठे मिळणार.

तापीकाठची
आप्पा, तूप नका देऊ. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, सगळं त्यात आलं. विमानतळावर बॅग उघडली तर डबा तिच्या डोळ्यांसमोर कचऱ्यात जातो. सुकं खोबरंही चेक-इन बॅगेत चालत नाही, तेलकट असतं म्हणून इथेच काढून घेतात. घरचा काळा मसाला, पापड, कुरडया द्या. तूप तिकडच्या लोण्याचं कढवता येतं, चांगलं होतं.

रावेरचे_आप्पा
लोण्याचं कढवून आपलं तूप होत नाही. बंदी असेल तर राहिलं. पण परातीचं उत्तर दिलं नाही तुम्ही.

नंदुरबारची_लेक
परातीचं उत्तर मी देते, आप्पा. माझ्या लग्नात तीन मामांनी भांडी मांडली. मांडवात दोन तास लोकांनी पाहिली. मग ती सासरच्या माळ्यावर गेली, अजून पोत्यात बांधलेली आहेत, कारण आम्ही पुण्यात वन बीएचकेमध्ये राहतो. आणि पाकिटांचं विचाराल तर एकही माझ्या हातात राहिलं नाही. स्टेजवर मी आणि हे घेत होतो, मागे चुलत दीर पिशवी धरून उभा. रात्री वही उघडली, पाकिटं फोडली, बेरीज झाली, ‘हॉलचे एवढे, कॅटररचे एवढे’ म्हणून रक्कम मोजून दिली गेली. मला एका शब्दानेही विचारलं नाही. माझ्या मैत्रिणींनी माझ्या नावाने, मला म्हणून दिलेले पैसे होते. स्पष्टवक्ते साहेब, तुमचं ‘पाकिटात घाला, विषय संपला’ कुणाच्या खिशात संपतं ते बघा.

स्पष्टवक्ता_जळगाव
तुमच्या घरात झालं म्हणून सगळीकडे तसं होत नाही. माझ्या मुलीच्या लग्नातली सगळी पाकिटं मी तिच्या हातात दिली.

नंदुरबारची_लेक
तुम्ही मुलीचे वडील. मुलाच्या बाजूची पाकिटं कोणी ठेवली?

रावेरचे_आप्पा
ताई, तुम्ही वहीला नावं ठेवू नका. आमच्या घरात जुन्या आहेराच्या वह्या आहेत, लाल बांधणीच्या. कोणी 11 रुपये दिले, कोणी 51, कोणी पितळी तांब्या, सगळं लिहिलेलं. त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढायची, आपल्याला काय आलं होतं ते बघायचं आणि थोडं वाढवून परत करायचं. दुष्काळात, हातात दमडी नसताना, याच वहीवर लग्नं उभी राहिली. तो आहेर पोरीला नव्हता, घराला होता. बापाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडवात जे घातलं तेच त्याच्या मांडवात परत येतं. मग त्याने त्यातून हॉलचे पैसे दिले तर त्याने चोरी केली का?

नंदुरबारची_लेक
चोरी म्हटलं नाही मी. पण आप्पा, त्या वहीतली परतफेड आता कोण करतं माहीत आहे? मी. सासऱ्यांची वही माझ्याकडे आली आहे. ज्यांचे पैसे मी पाहिलेसुद्धा नाहीत त्यांच्या लग्नांना माझ्या पगारातून जातात. घेताना घराचा आहेर आणि फेडताना सुनेचा पगार, हे कुठल्या वहीत लिहिलं आहे?

रावेरचे_आप्पा
लहान तोंडी मोठा घास घेऊ नका. संसार असाच चालतो.

नंदुरबारची_लेक
मी पन्नाशीला आले, आप्पा. लहान तोंड राहिलेलं नाही.

वायरमन_धुळे
आप्पांशी असं बोलू नका ताई, मोठे आहेत ते.

पारोळा_ते_न्यूजर्सी
ताई बरोबर बोलतात. आमच्या लग्नातल्या पाकिटांचा हिशेब मलाही कधी कळला नाही. आणि गेल्या वर्षी वडिलांचा फोन, ‘अमक्याच्या मुलाचं लग्न आहे, त्यांनी तुझ्या लग्नात हजार दिले होते, दोन हजार पाठव.’ मी त्यांना ओळखतसुद्धा नाही. पाठवले, कारण वडिलांना मांडवात जायचं होतं.

रावेरचे_आप्पा
पाठवले ना? मग वही कामाचीच झाली. त्या माणसाच्या मांडवात तुमच्या वडिलांना खुर्ची मिळाली ती त्याच्यामुळे.

निवृत्त_कॅशियर_चोपडा
दोघांचंही ऐकून घेतलं, आता बँकेच्या बाजूने सांगतो, कारण इथे पैशांचं चाललंय. लग्नात वधूला किंवा वराला आलेल्या भेटीवर आयकर लागत नाही, रक्कम कितीही असो. पण ही सूट ज्याचं लग्न त्यालाच. वडिलांच्या नावाने, वडिलांसाठी म्हणून आलेली पाकिटं तिच्यात बसत नाहीत. म्हणून भाचीच्या नावे खात्यात टाकलेली रक्कम सगळ्यात स्वच्छ. ‘लग्नभेट’ असा शेरा टाका, एवढा कागद पुरतो.

दुसरं, हे ती जायच्या आधी करा. ती तिकडे राहायला गेली की तिचं इथलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते अनिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं, त्याला बँकेत एनआरओ म्हणतात. इथून रुपयांत आलेले पैसे त्या एनआरओमध्ये जमा होतात. एनआरई नावाचं दुसरं खातं असतं, त्यात अशी रुपयांतली भेट भरता येत नाही. लोक तिथेच गोंधळ घालतात आणि काउंटरवर येऊन आमच्यावर ओरडतात. ती इथे असताना टाकले की हा प्रश्नच येत नाही.

तिसरं, पाकिटातल्या नोटा घेऊन तिला उडता येणार नाही. देशाबाहेर जाताना माणशी 25,000 पर्यंतच रुपये नेता येतात आणि म्युनिकमध्ये ते कोणी घेत नाही. बदलून युरो घ्यावे लागतात, म्हणजे शेवटी बँकच आली.

स्पष्टवक्ता_जळगाव
मग ऑनलाइन दुकानाचं गिफ्ट कार्ड द्या ना. घरबसल्या होतं, वहीचा प्रश्न नाही, पिशवीचा प्रश्न नाही.

तापीकाठची
भारतातलं कार्ड जर्मनीच्या साइटवर चालत नाही. मोठ्या कंपनीचं असलं तरी त्या त्या देशाचं कार्ड त्या त्या देशातच वापरता येतं. जर्मनीच्या साइटवरून युरोतलं कार्ड घेता येतं, पण तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू हवेत आणि बँक वर दोन-तीन टक्के लावते. जमत असेल तर वाईट नाही. वस्तू नंतर कुरिअरने पाठवू असं मात्र म्हणू नका. युरोपात खासगी भेटीला 45 युरोपर्यंतच सूट आहे, त्याच्या वर गेलं की तिकडचा कर भरून पार्सल सोडवावं लागतं. मामाचा आहेर सोडवायला पोरगी टपालाच्या रांगेत उभी, असं व्हायला नको.

स्पष्टवक्ता_जळगाव
ठीक आहे, कार्डाचं मला माहीत नव्हतं. पण साडेदहा हजार म्हणजे शंभरेक युरो. तेवढ्यात तिचं काय होणार? त्यापेक्षा सोनं द्या. जळगावला घ्या, सोनं कुठेही चालतं, आणि आप्पांना मांडवात दाखवायलाही मिळेल.

निवृत्त_कॅशियर_चोपडा
आजच्या भावात वीस हजारांत दोन ग्रॅमही येत नाही. त्यातून घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी वजा करा. जे हातात येईल ते आप्पांना चष्मा लावून बघावं लागेल.

तापीकाठची
शंभर युरोने काय होतं ते सांगते. जर्मनीत भाड्याचं घर बरेचदा रिकामं मिळतं. रिकामं म्हणजे स्वयंपाकघराच्या खोलीत ओटा नाही, शेगडी नाही, सिंक नाही, छताला दिव्याच्या जागी नुसत्या तारा लोंबतात. आधीचा भाडेकरू सगळं उचकटून नेतो किंवा तुम्हाला पैसे घेऊन विकतो. त्यावर घरमालक तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत अनामत घेऊ शकतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पैशाला वाटाच फुटतात. तेव्हा शंभर युरोत दिवे येतात, बादली येते, पोळपाट ठेवायला एक साधं टेबल येतं. आणि तेव्हा तिचा पगार सुरू झालेला नसतो, सगळं नवऱ्याला मागावं लागतं. आपल्या मामांनी दिलेले स्वतःचे शंभर युरो असणं आणि नसणं यात फरक पडतो. मला पडला होता.

रावेरचे_आप्पा
हे पटलं. पोरीच्या हातात तिचा पैसा पाहिजे, ते आमच्या वेळीही होतं, मामा गुपचूप मुठीत काहीतरी देऊन जायचा. पण ती मूठ वेगळी आणि मांडवातला आहेर वेगळा. दोन्ही पाहिजे.

नंदुरबारची_लेक
मुठीतलं तरी पोचायचं. एवढं मान्य आहे मला.

अमळनेरचा_मामा
सगळ्यांचे आभार. जावयाला फोटो मागितला. तापीकाठच्या ताईंनी लिहिलं तसंच निघालं. घर ठरलंय, पण स्वयंपाकघरात पाण्याचा नळ आणि भिंतीतून आलेली जाड वायर, एवढंच आहे. शेगडी कुठली घेणार ते त्यालाच माहीत नाही. तिकिटावर बॅग एकच आहे, 23 किलोची. मधला भाऊ अजून म्हणतो की स्टेजवर काहीतरी हातात दिलंच पाहिजे, नाहीतर आक्काला वाईट वाटेल. धाकटा म्हणतो मिक्सर पाच किलो खाणार, तिच्या साड्या कुठे ठेवायच्या?

तापीकाठची
दादा, मग कुकर इंडक्शन बुडाचाच घ्या, शेगडी काहीही आली तरी अडणार नाही. एकच बॅग आहे तर मिक्सरचं तिलाच विचारा. तीन भांड्यांऐवजी मोटर, एक मोठं आणि एक चटणीचं भांडं एवढंच नेलं तर चार किलोच्या आसपास होतं. तिसरं भांडं इथे ठेवा, कोणी तिकडे जाईल तेव्हा पाठवा. ती साडी निवडेल तर साडी नेऊ द्या, मिक्सर घेऊ नका आणि तेवढे पैसे खात्यात वाढवा. हे तुम्ही ठरवायचं नाही, तिने ठरवायचं. आणि मांडवात दाखवायचंच असेल तर कुकर मांडा, त्याला हळदीकुंकू लावा. तीही वस्तूच आहे.

रावेरचे_आप्पा
मामाच्या आहेरात एक कुकर? तीन मामा आणि एक कुकर? लोक काय म्हणतील याचा विचार करा. परात स्टीलची घ्या, हजाराच्या आत येते, बहिणीच्या घरी राहील, विमानात न्यायची गरज नाही.

अमळनेरचा_मामा
आप्पा, परात आक्काकडे राहिली तर चालेल. ते मधल्याला पटेल असं वाटतं. पण मग हजार खात्यातून कमी होतात.

नंदुरबारची_लेक
हजार परातीत घाला, भांडण मिटत असेल तर. पण बाकीचे टाकण्याआधी एक बघा, ज्या खात्यात टाकताय ते तिचं एकटीचं आहे का. माझं लग्नानंतर जॉइंट करून घेतलं होतं.

निवृत्त_कॅशियर_चोपडा
हे महत्त्वाचं. पासबुकाच्या पहिल्या पानावर नावं असतात, वडिलांबरोबर जॉइंट असेल तर तिथेच दिसेल. लहानपणी उघडलेली खाती बहुधा तशीच असतात. तिच्या एकटीच्या नावाने नवीन उघडायचं तर आत्ताच उघडा, आधार आणि पॅनवरचं नाव लग्नाआधीचं आहे तोवर कागद सारखे जुळतात. पासपोर्टवरही तेच नाव असेल.

अमळनेरचा_मामा
उद्या आक्काकडे जातोय, पासबुक बघून कळवतो.